बुडखा दाबून पाहिला तेव्हा

ऐन श्रावणात, आठवडाभराच्या झडीनंतरच्या एका सकाळी वरच्या मजल्यावरचे काका कुंडी छातीशी धरून दारात उभे राहिले. "अगं, हा माझा कॅक्टस बघ. मान टाकायला लागलाय. पाणी कमी पडलं असेल म्हणून परवा तांब्याभर घातलं, तर आज आणखीच झुकला."

कुंडीत दोनेक फूट उंचीचं, तीन धारांचं हिरवंगार खोड होतं. धारांवर चमच्यासारखी चिमुकली पानं आणि जोडीजोडीने आलेले तांबूस काटे. खोडाच्या हिरव्यात पांढुरके पुसट शिंतोडे. वरून दोन फांद्या फुटलेल्या. झाड मातीपाशीच एका बाजूला कललं होतं. मी बुडखा अंगठ्याने दाबला, तर जास्त पिकलेल्या केळ्यासारखं बोट आत गेलं.

"काका, हा कॅक्टस नाही," मी म्हटलं. त्यांना ते अर्थातच आवडलं नाही. झाड मरायला टेकलंय आणि ही नाव काय सांगत बसली आहे! पण झाड कोणतं आहे हे कळल्याशिवाय 'मऊ' या शब्दाला अर्थ नाही. एकाचं खोड मऊ होणं म्हणजे साधी तहान असते, दुसऱ्याचं मऊ होणं म्हणजे आठवडाभरात शेवट. शिवाय या झाडाला पाती लावण्याआधी त्याच्या पोटात काय आहे हेही ठाऊक असलेलं बरं.

आपल्याकडे घोळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत 'निवडुंग' म्हटलं की त्यात दोन वेगवेगळी घराणी येतात. माळरानावर चपटी, ताटलीसारखी पेरं एकमेकांवर रचलेला फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, आणि तो मूळचा इथला नाहीच. कॅक्टसचं सगळं घराणं अमेरिका खंडातलं. झाडांवर लोंबणारी एक बिनकाट्याची जात तेवढी आफ्रिकेत आणि श्रीलंकेत आपसूक उगवते. याउलट गावाकडच्या कुंपणातला त्रिधारी निवडुंग आणि बारीक हिरव्या काड्यांचा शेर ही युफोर्बिया घराण्यातली झाडं. पाण्याविना दिवस काढायचे म्हणून दोन्ही घराण्यांनी खोडात पाणी साठवलं, पानं कमी केली, काटे वाढवले. दिसायला सारखी झाली, पण नात्याने एरंड हा युफोर्बियाचा लांबचा भाऊ आहे आणि कॅक्टसशी त्याचं काही देणंघेणं नाही.

ओळखायची खूण काट्याच्या मुळाशी असते. कॅक्टसचे काटे नेहमी एका बारीक, लोकरीसारख्या गादीतून येतात. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर चष्मा लावून पाहा. वनस्पतिशास्त्रात या गादीला ॲरिओल म्हणतात. काटे, लोकर, नवी फांदी, फूल, सगळं तिथूनच उगवतं. एका गादीतून तीन, सात, कधी वीसही काटे निघतात. काही कॅक्टसना काटे नसतात, पण गादी असतेच. युफोर्बियाला ही गादी नसते. त्याचे काटे धारेच्या कडेतूनच, बहुधा दोन-दोनच्या जोडीने फुटतात. दुसरी खूण चिकाची. युफोर्बियाला टाचणी टोचली तरी पांढराशुभ्र चीक येतो. मात्र केवळ चिकावर निकाल देऊ नये, कारण मॅमिलारिया या गोल कॅक्टसच्या काही जातींनाही दुधासारखा चीक असतो. म्हणून आधी गादी पाहायची आणि चीक नंतर.

काकांचं झाड या हिशेबाने युफोर्बिया ट्रायगोना ठरलं. रोपवाटिकांत ते सर्रास 'कॅक्टस' म्हणूनच विकलं जातं. त्याच रांगेत लाल किंवा पिवळा गोळा डोक्यावर घेतलेलं एक रोप असतं, तेही तुम्ही पाहिलं असेल. त्याचा खालचा हिरवा दांडाही त्रिधारीच. पण ते कलम असतं. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नाही, स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही, म्हणून तो खुंटावर बांधलेला असतो. खुंट बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटचा, म्हणजे खरा कॅक्टस. धारेवर दूर दूर बारीक गाद्या, त्यांत आखूड काटे, चीक नाही. तीन धारा पाहून दोघांना एकच समजणारे पुष्कळ आहेत. ड्रॅगनफ्रूट दमट रानातला वेल आहे, त्याला पाणी बऱ्यापैकी लागतं. ट्रायगोनाला त्याच मापाने पाणी घातलं की काय होतं, ते काकांच्या हातात होतं.

आता मऊपणाकडे. रसाळ झाड मऊ पडण्याची दोन मुख्य कारणं आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. तहानलेलं झाड सगळीकडून सारखं सैल पडतं. धारा आकसतात, सालीवर सुरकुत्या येतात, रंग थोडा फिका किंवा मळकट होतो, पण साल कोरडी आणि चिवट राहते. दाबलं तर अर्धवट हवा गेलेल्या फुग्यासारखं लवतं आणि बोट काढल्यावर परत येतं. अशा झाडाला पाणी दिलं की दोन-चार दिवसांत ते भरून येतं. कूज मात्र एका जागी असते. बहुतेकदा मातीलगत, कधी कलमाच्या सांध्यावर, कधी जुन्या जखमेपाशी. तिथला हिरवा रंग आधी पाणी पिऊन काचेसारखा पारदर्शक होतो, मग पिवळट, तपकिरी, काळा. दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहतो किंवा साल फाटून पाणी येतं. कोरफडीचं पान बुडाशी ओलं होऊन हाताला सहज सुटून येतं, तेही याच जातीचं. त्याउलट सगळ्यांत खालचं पान कागदासारखं वाळून चिकटून राहिलं असेल, तर ते म्हातारपण आहे, रोग नव्हे. जुन्या कॅक्टसचा बुडखा लाकडासारखा तपकिरी आणि टणक होतो, तेही म्हातारपणच. रंग पाहून घाबरण्याआधी दाबून पाहावं.

खरा सापळा या दोन्हींच्या मध्ये आहे आणि काका त्यातच सापडले. कूज वर खोडात दिसते, पण सुरुवात बहुधा खाली मुळांत झालेली असते. मुळं मेली की वर पाणी चढत नाही. वरचा भाग तहानलेल्या झाडासारखाच सुरकुततो. माणूस पाहतो, त्याला दया येते, तो पाणी घालतो. ओल्या मातीत आणखी पाणी. अशा वेळी झाडाकडे पाहून काही कळत नाही, कुंडी उचलावी लागते. झाड सुकल्यासारखं आणि कुंडी जड, असा मेळ दिसला की समजावं, गडबड मुळांत आहे. मातीत लाकडाची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढली तरी चालतं. काकांच्या कुंडीतून काडी चिखलाने माखून आली, आणि तिला गटारासारखा वास होता.

मुळं मरतात ती पाण्याने नव्हे, श्वास कोंडून. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तीतून मुळं प्राणवायू घेतात. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू मुळापर्यंत पोचायचा वेग जवळजवळ दहा हजार पटींनी घटतो. मूळ गुदमरतं, त्याच्या पेशी झिरपायला लागतात, आणि मातीत आधीपासून असलेल्या मंडळींना पान वाढलं जातं. पिथियम आणि फायटोफ्थोरा हे बुरशीसारखे दिसणारे जीव पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत मुळाला गाठतात. शेतकरी ज्याला मूळकूज म्हणतात, त्यात यांचा हात असतो. फ्युझेरियम ही बुरशी नळ्यांत शिरते आणि खोड आडवं कापल्यावर तांबूस ठिपक्यांचं कडं दाखवते. घाणेरडा वास आणि बुळबुळीत पाणी असेल तर जिवाणूही आलेले असतात. घरी बसून यांतला नेमका कोण हे सांगता येत नाही, आणि खरं तर बहुतेक वेळा ते सगळे एकाच पंगतीला बसलेले असतात.

या जीवांना पहिले गुन्हेगार समजण्याची चूक मोठमोठ्यांनी केली आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात सगुआरो नावाचे महाकाय कॅक्टस आहेत, कित्येक चाळीस फुटांवर जाणारे. तिथल्या संरक्षित क्षेत्रात ते काळं पाणी गळत कोसळायला लागले, तेव्हा जिवाणूची साथ समजून १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तीनशेहून अधिक सगुआरो तोडून पुरण्यात आले. पडझड थांबली नाही. पुढच्या काही दशकांच्या अभ्यासातून निघालं ते असं, की म्हाताऱ्या झाडांना कडाक्याची थंडी आधीच मारून गेली होती आणि जिवाणू नंतर प्रेतावर आले होते. काकांच्या गॅलरीत गोठवणारी थंडी नव्हती, पण बशीत साचलेलं पाणी होतं.

"पण काय गं," काका म्हणाले, "आमच्या गावाला बांधावरचा निवडुंग चार महिने नुसता भिजत असतो. त्याला कधी काही झालेलं मी पाहिलं नाही."

प्रश्न बिनतोड होता. जुन्नरजवळच्या शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक रसाळ वनस्पती उगवते. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात कुठेच नाही. तिचं शास्त्रीय नाव, फ्रेरिया, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून ठेवलेलं. ती तर पावसाळ्यातच पानं काढते आणि उन्हाळ्यात ती टाकून नुसत्या मांसल खोडावर तगते. म्हणजे पावसाशी वैर नाही. पण ती उभ्या कड्याच्या भेगेत असते, पडलेलं पाणी तिथून निघून जातं. बांधही उतरताच असतो, खाली मुरूम, आणि त्याखाली पाणी ओढून घ्यायला सगळी जमीन.

कुंडीला अशी जमीन नाही. तळाला भोक असलं तरी पाणी शेवटच्या थेंबापर्यंत निथळत नाही. ओला स्पंज सपाट धरून पाहा, गळायचा थांबल्यावरही खालची कड चिंब राहते. कुंडीच्या तळाशी तसाच एक ओला थर कायम उरतो, आणि माती जितकी बारीक तितका तो जाड. तळाला खडे घालायचा आपला जुना रिवाज इथे कामाला येत नाही. खड्यांनी तो थर नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. उपाय तळाशी नसून सगळ्या मातीत आहे. पूर्ण मिश्रणच भरड हवं.

कुंडी उपडी केली तेव्हा काकांच्या झाडाची कथा माझ्यासमोर मोकळी झाली. बाहेरची माती काकांनी घातलेली, बरी होती. आत मात्र रोपवाटिकेतून आलेला कोकोपीटचा गोळा तसाच, काळा, पिळला तर पाणी गळेल असा. बाहेरची माती वाळलेली दिसायची, काका पाणी घालायचे, आणि ते सगळं हा गोळा पिऊन बसायचा. मुळं तपकिरी झाली होती. एक ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी हातात आली आणि आत दोऱ्यासारखा बारीक गाभा उरला. ही मुळं परत जिवंत होत नाहीत. औषधाची बाटली शोधायचा मोह होतो, पण लगदा झालेली पेशी कोणतंही औषध सांधत नाही. शिवाय घराघरांत असतं ते कार्बेन्डाझिम फ्युझेरियमवर थोडंफार चालतं, पिथियम आणि फायटोफ्थोरावर त्याचा परिणाम होत नाही, कारण ते खऱ्या बुरशीच्या घराण्यातलेच नाहीत. उरतो चाकू.

युफोर्बिया कापण्याआधी हातमोजे आणि चष्मा घालावा. चीक त्वचेला झोंबतो, डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होऊन काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. गेलाच, तर भरपूर पाण्याने बराच वेळ डोळा धुऊन सरळ डॉक्टर गाठावा. लहान मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत. मी पातळ पात्याचा चाकू स्पिरिटने पुसला आणि मऊ भागाच्या दोन बोटं वर आडवा काप घेतला. खालच्या तुकड्यातून चीक आलाच नाही, नुसतं तपकिरी पाणी. वरच्या तुकड्याचा छेद पाहिला. मधोमध पांढरट गाभा, त्याभोवती नळ्यांचं कडं, आणि त्या कड्यात पाच-सहा तांबूस ठिपके. बाहेरून तो भाग ठणठणीत हिरवा होता. पातं पुन्हा पुसून एक इंच वर दुसरा काप घेतला. प्रत्येक कापाआधी पातं पुसायचंच, नाहीतर आपणच कूज वर नेतो. या वेळी चीक भराभरा आला, छेद स्वच्छ दिसला. कड्यात एकच, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका.

"अजून किती कापणार? अर्धं झाड गेलं की," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मी थांबले.

छेद नळाखाली धरून गार पाण्याने चीक थांबेपर्यंत धुतला, टिपला, आणि झाड कागदावर उभं टेकवून ठेवलं. आडवं ठेवलं तर खोड वाकतं. उन्हाळ्यात अशा जाड छेदावर आठवड्यात खपली धरते, पावसाळ्यात दोन आठवडे लागतात, म्हणून पंखा दिवसभर चालू. पाचव्या दिवशी बुडाशी नाण्याएवढा भाग ओला आणि मऊ लागला. तो एक ठिपका. पुन्हा चाकू, आणि या वेळी एकदम तीन इंच. छेद पूर्ण पांढरा-हिरवा, ठिपका शून्य. सोबत वरची एक निरोगी फांदी सांध्यापाशी कापून वेगळी वाळवायला ठेवली. मुख्य खोड गेलंच, तर निदान वंश राहील.

सगळ्या झाडांत हे जमत नाही. उंच खोडात कापायला वाव असतो, कारण कूज खालून वर चढते आणि तिच्या पुढे जाता येतं. गोल कॅक्टसमध्ये कूज गाभ्यातून वर जाते आणि बाहेरून कळेपर्यंत पुष्कळदा शेंड्याजवळ पोचलेली असते. कापून पाहावं, पण शेंडाच मऊ असेल तर वाचवण्यासारखं काही राहत नाही. रंगीत गोळ्याच्या कलमात खुंट सडला असेल तर गोळा कापून दुसऱ्या खुंटावर बांधता येतो. नुसता मातीत लावला तर तो उपाशी मरतो. इचेव्हेरियासारख्या गुलाबाच्या आकाराच्या रोपांचं मात्र बरं असतं. बुडखा गेला तरी वरची निरोगी पानं बुडापासून अखंड सोडवून कोरड्या रेतीवर ठेवली, तर त्यातल्या काहींना मुळं आणि पिलं फुटतात, आपल्या पानफुटीसारखी.

अठरा दिवसांनी काकांच्या खोडाला कोरडी, पांढुरकी, नखाने टकटक वाजेल अशी खपली धरली. कुंडी मातीची, पाच इंची घेतली. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती जास्त, आणि ती वाळतच नाही. मिश्रणात दोन भाग भरड: धुऊन चाळलेली जाड रेती आणि वाटाण्याएवढे विटांचे तुकडे. एक भाग बागेची माती आणि कुजलेलं शेणखत मिळून. कोकोपीट नाही. मूठ वळून सोडली की मिश्रण आपणच सुटलं पाहिजे. खोड दोन इंच आत, काठीचा आधार, आणि तीन आठवडे पाण्याचा थेंब नाही. खोडात स्वतःचं पाणी आहे, त्यावर ते मुळं काढतं. कुंडी पाऊस लागणार नाही अशा उजेडात, बशीशिवाय.

ते तीन आठवडे काकांना फार जड गेले. रोज जिन्यात भेटले की, "घोटभर घालू का?"

दसऱ्याच्या सुमारास खोड हलकेच वर ओढून पाहिलं, तर मातीने त्याला धरून ठेवलं होतं. शेंड्याला दोन नवी पानं होती. मग पहिलं पाणी, तळातून वाहीपर्यंत, आणि पुढचं केव्हा ते ठरवायला मी त्यांना स्वयंपाकघरातला वजनकाटा दिला. पूर्ण कोरडी असताना कुंडी झाडासकट ११४० ग्रॅम भरली होती, पाणी निथळल्यावर १३८० ग्रॅम. आकडे त्यांनी पेन्सिलीने कुंडीच्या काठावर लिहून ठेवले. वजन पुन्हा ११५०च्या आसपास आलं की त्यावर आणखी चार दिवस जाऊ द्यायचे आणि मग पाणी.

काल संध्याकाळी वरून हाक आली. "बाराशे वीस! नाही घालत, नाही घालत. नुसतं सांगितलं."